उंची, दूध आणि आजीआजोबांचा मुलूख

२००५ साली अमेरिकेत एक छोटा पण मोठा बोलका शोधनिबंध प्रसिद्ध झाला. संशोधकांनी युरोपीय वंशाच्या अमेरिकन लोकांमधून दोन गट निवडले होते. एकात चांगली उंच माणसं, दुसऱ्यात बुटकी. दोन्ही गटांच्या डीएनएमधल्या १७८ जागा त्यांनी तपासल्या. त्याशिवाय आणखी एक जागा पाहिली. ती होती लॅक्टेज या विकराच्या जनुकाशी संबंधित. दुधातली साखर पचवायला हे विकर लागतं. बहुतेक सस्तन प्राण्यांत ते आईचं दूध सुटल्यावर बनेनासं होतं. काही माणसांत मात्र या जनुकाच्या शेजारी, डीएनएच्या एका ठराविक जागी, ‘सी’ या अक्षराऐवजी ‘टी’ असतं आणि त्यांच्यात हे विकर आयुष्यभर बनत राहतं. ही माणसं मोठेपणीही दूध सहज पचवतात.

उंच गटात या ‘टी’चं प्रमाण बुटक्या गटापेक्षा ठळकपणे जास्त निघालं. हा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता दहा लाखांत एकापेक्षाही कमी होती.

आता यावरून काय म्हणायचं? दूध पचतं, म्हणून माणूस दूध पितो, म्हणून उंच होतो. इतकी सरळ गोष्ट समोर असताना कुणालाही पटेल. आपणही वर्गात मुलांना ‘दूध प्या, उंच व्हाल’ असं सांगतोच. पण संशोधकांनी ती गोष्ट मान्य केली नाही. त्यांनी उंच आणि बुटक्या माणसांच्या जोड्या नव्याने लावल्या. या वेळी जोडीतल्या दोघांची मूळ घराणी युरोपच्या एकाच भागातली असतील असं पाहिलं. तसं करताच दुधाच्या खुणेचा उंचीशी असलेला संबंध बराचसा विरून गेला. मग त्यांनी फक्त पोलंडमधली माणसं घेऊन पाहिलं, फक्त स्कँडिनेव्हियातली घेऊन पाहिलं. दोन्हीकडे संबंध दिसला नाही.

काय घडलं होतं ते आकडे मांडून पाहू. आकडे सोयीचे, काल्पनिक आहेत.

समजा एका शहरात उत्तरेकडून आलेली आणि दक्षिणेकडून आलेली अशी दोन प्रकारची कुटुंबं आहेत. उत्तरेकडच्यांत ‘टी’चं प्रमाण ८० टक्के आणि दक्षिणेकडच्यांत २० टक्के. उत्तरेकडची माणसं सरासरीने उंच आहेत. याचं कारण काहीही असेल, आहार असेल, इतर शेकडो जनुकं असतील, पण ‘टी’ नाही. आपण १०० उंच आणि १०० बुटकी माणसं निवडली. साहजिकच उंचांत ७० उत्तरेकडची आणि ३० दक्षिणेकडची आली, बुटक्यांत उलट.

प्रत्येक माणसाकडे जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. म्हणून १०० उंच माणसांच्या २०० प्रती. उत्तरेकडच्या ७० जणांच्या १४० प्रतींपैकी ११२ ‘टी’, दक्षिणेकडच्या ३० जणांच्या ६० प्रतींपैकी १२ ‘टी’. एकूण १२४. बुटक्यांसाठी हाच हिशेब केला तर ४८ आणि २८, म्हणजे ७६. दोनशेत १२४ विरुद्ध दोनशेत ७६. संख्याशास्त्रातली काय-वर्ग कसोटी लावली तर उत्तर २३.०४ येतं. इतका फरक योगायोगाने पडण्याची शक्यता दहा लाखांत दोनपेक्षाही कमी. म्हणजे हा ‘शोध’ कसोटीला उतरला!

आता फक्त उत्तरेकडची माणसं पाहा. त्यांतल्या उंचांत १४० पैकी ११२ ‘टी’, म्हणजे ८० टक्के. बुटक्यांत ६० पैकी ४८, म्हणजे तेही ८० टक्केच. दक्षिणेकडच्यांतही दोन्हीकडे २० टक्के. फरक मुळीच नाही. दोन लोकसमूहांची सरमिसळ केल्यामुळे जो संबंध दिसत होता तो प्रत्येक समूहात वेगळं पाहिल्यावर नाहीसा झाला.

युरोपात नेमकं हेच आहे. दूध पचवणारं ‘टी’ वायव्य युरोपात बहुसंख्यांकडे असतं आणि आग्नेयेकडे जावं तसं ते कमी होत जातं. उंचीही सरासरीने उत्तरेकडे जास्त आणि दक्षिणेकडे कमी. दोन्ही गोष्टी एकाच दिशेने बदलतात, म्हणून त्या हातात हात घालून चाललेल्या दिसतात.

यावर कुणी म्हणेल, मग माणसांना त्यांचं मूळ विचारावं आणि तसे गट पाडावेत. लहान अभ्यासात हे जमतं. पण अमेरिकेत अनेकांना चारही आजीआजोबांचा मुलूख सांगता येत नाही. एक आजी आयर्लंडची, एक आजोबा इटलीचे, बाकीचे दोघे अमेरिकेतच जन्मलेले, असं उत्तर आलं तर त्या माणसाला कुठल्या गटात घालणार? शिवाय उत्तर आणि दक्षिण हे दोन डबे नव्हेत. मधला प्रदेश सलग आहे आणि ‘टी’चं प्रमाणही हळूहळू बदलतं.

उत्तर माणसाला विचारण्याऐवजी त्याच्या डीएनएलाच विचारावं, ही पुढची पायरी. २००६ साली अल्केस प्राइस, निक पॅटरसन, डेव्हिड राइख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक पद्धत मांडली. तिचं नाव आयगनस्ट्रॅट. तिच्या पोटात जे गणित आहे त्याला मुख्य घटक विश्लेषण म्हणतात. हे गणित विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचं आहे. नाव भारदस्त असलं तरी लहान उदाहरण कागद-पेन्सिलीने सोडवता येतं. तेच करू.

क, ख, ग, घ अशी चार माणसं घ्या. त्यांच्या डीएनएमधल्या पाच जागा तपासल्या. अशा जागेला आपण ‘खूण’ म्हणू. प्रत्येक खुणेवर दोन पर्यायी अक्षरं आढळतात. त्यांतलं एक ठरवून घ्यायचं आणि माणसाच्या दोन प्रतींत ते किती वेळा आहे ते मोजायचं. उत्तर ०, १ किंवा २ येतं.

| | खूण १ | खूण २ | खूण ३ | खूण ४ | खूण ५ |
|---|---|---|---|---|---|
| क | २ | २ | ० | १ | २ |
| ख | २ | १ | ० | २ | ० |
| ग | ० | १ | २ | ० | २ |
| घ | ० | ० | २ | १ | ० |

कोण कुठला, हे आपल्याला ठाऊक नाही. फक्त हे आकडे आहेत. पहिली पायरी म्हणजे प्रत्येक स्तंभातून त्याची सरासरी वजा करायची. इथे प्रत्येक स्तंभाची सरासरी १ आहे (तशीच मुद्दाम घेतली आहे). म्हणून क चे आकडे होतात १, १, −१, ०, १. ख चे १, ०, −१, १, −१. ग चे −१, ०, १, −१, १. आणि घ चे −१, −१, १, ०, −१. खऱ्या अभ्यासात यानंतर प्रत्येक स्तंभाला त्याच्या स्वाभाविक चढउताराच्या मापाने भागतात, नाहीतर काही खुणा उगाचच जड ठरतात. आपल्या उदाहरणात ती पायरी सोडून देऊ.

दुसरी पायरी, कुठलीही दोन माणसं एकमेकांसारखी किती ते मोजायचं. दोघांच्या ओळीतले समोरासमोरचे आकडे गुणायचे आणि बेरीज करायची. दोघंही सरासरीच्या एकाच बाजूला असतील तर गुणाकार धन येतो, विरुद्ध बाजूंना असतील तर ऋण. क आणि ख यांची बेरीज १ + ० + १ + ० − १ = १. क आणि घ यांची −१ − १ − १ + ० − १ = −४. सगळ्या जोड्यांचा तक्ता असा होतो.

| | क | ख | ग | घ |
|---|---|---|---|---|
| क | ४ | १ | −१ | −४ |
| ख | १ | ४ | −४ | −१ |
| ग | −१ | −४ | ४ | १ |
| घ | −४ | −१ | १ | ४ |

तिसरी पायरी ही खरी कळीची. चार माणसांना एका रेषेवर अशा जागा द्यायच्या की एकमेकांसारखी माणसं जवळ येतील आणि वेगळी माणसं दूर जातील. अशा जागा शोधायची एक सोपी युक्ती आहे. कुठल्याही आकड्यांपासून सुरुवात करा. समजा क ला १ आणि बाकीच्यांना ० दिलं. आता तक्त्याची प्रत्येक ओळ या आकड्यांनी गुणून बेरीज घ्या. मिळतात ४, १, −१, −४. हेच नवे आकडे घेऊन पुन्हा गुणा. मिळतात ३४, १६, −१६, −३४. पुन्हा गुणा, ३०४, १९६, −१९६, −३०४. आणखी एकदा, २८२४, २१७६, −२१७६, −२८२४. आकडे फुगत आहेत, पण तिकडे लक्ष देऊ नका. क आणि ख यांचं गुणोत्तर पाहा. आधी ४, मग २ च्या जवळ, मग दीड, मग १.३. ते १ कडे चाललं आहे. म्हणजे शेवटी जागा येणार १, १, −१, −१.

ताळा करून पाहा. १, १, −१, −१ या आकड्यांनी तक्ता गुणला तर १०, १०, −१०, −१० येतात. म्हणजे तेच आकडे दहापट होऊन परत आले. गुणूनही ज्यांची आपापसांतली प्रमाणं बदलत नाहीत अशा आकड्यांचा संच म्हणजे मुख्य घटक, किंवा आपण त्याला अक्ष म्हणू. या अक्षाने कुणालाही न विचारता क, ख एका बाजूला आणि ग, घ दुसऱ्या बाजूला केले. दुसरा असा संच आहे १, −१, १, −१. तो सहापट होऊन परत येतो. तक्त्याच्या कर्णावरच्या आकड्यांची बेरीज १६ आहे. १० आणि ६ मिळून तेवढेच होतात. म्हणजे एकूण फरकांपैकी दहा-सोळांश भाग पहिल्या अक्षात आणि उरलेला दुसऱ्यात.

प्रत्येक खूण अक्षाला किती हातभार लावते हेही काढता येतं. अक्षावरच्या जागा आणि त्या खुणेचे आकडे गुणून बेरीज घ्यायची. पहिल्या अक्षासाठी पाच खुणांची उत्तरं अनुक्रमे ४, २, −४, २ आणि ० अशी येतात. पाचव्या खुणेला या अक्षाशी काही देणंघेणं नाही. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

प्रत्यक्षात चारऐवजी हजारो माणसं आणि पाचऐवजी लाखो खुणा असतात, आणि तिथे चित्र एका बाबतीत फार वेगळं दिसतं. २००८ साली जॉन नोव्हेंब्रे आणि सहकाऱ्यांनी १३८७ युरोपीय लोकांच्या सुमारे दोन लाख खुणांवर हेच गणित केलं. पहिले दोन अक्ष घेऊन प्रत्येक माणसासाठी कागदावर एक ठिपका काढला. ठिपक्यांचं चित्र थोडं फिरवल्यावर युरोपचा नकाशा दिसला! स्पेन आणि पोर्तुगालचे ठिपके एका कोपऱ्यात, इटलीचे खाली लोंबणारे, ब्रिटन आणि आयर्लंड वर बाजूला. गणिताला भूगोल कुणीही सांगितला नव्हता. पण त्या पहिल्या अक्षात एकूण फरकांचा केवढा भाग होता? जेमतेम ०.३ टक्के. आपल्या उदाहरणातल्या दहा-सोळांशाशी त्याची तुलना करा. युरोपातल्या दोन माणसांमधला जवळजवळ सगळा फरक त्यांच्या मुलखावर अवलंबून नसतो. मुलखाचा वाटा अगदी बारीक असतो, पण तो लाखो खुणांवर एकाच दिशेने थोडाथोडा सांडलेला असतो आणि म्हणून बेरजेत दिसू लागतो. १७८ खुणांत तो नीट दिसत नाही. २००५ च्या अभ्यासात तेव्हाच्या प्रचलित पद्धतींना सरमिसळीचा पत्ता लागला नाही तो असा.

इथे जरा थांबून एक इशारा द्यायला हवा. अक्ष म्हणजे इतिहास नव्हे. १९७८ साली मेनोत्सी, पियात्सा आणि कावाल्ली-स्फोर्झा यांनी युरोपातल्या जनुकांच्या प्रमाणांवर हेच विश्लेषण करून सुंदर नकाशे काढले होते. पश्चिम आशियातून शेतकरी पसरत गेले त्याची खूण म्हणून ते पुढे अनेक वर्षं वाचले गेले. तीस वर्षांनी नोव्हेंब्रे आणि मॅथ्यू स्टीफन्स यांनी दाखवलं की शेजारी माणसं सारखी आणि दूरची वेगळी, एवढंच जरी खरं असलं, कुठलंही मोठं स्थलांतर घडलं नसलं, तरी या गणितातून लाटांसारखे आकार आपोआप निघतात. स्थलांतरं झाली नाहीत असा याचा अर्थ नाही. त्यांचा पुरावा या लाटांतून मिळत नाही, एवढाच आहे. शिवाय कुठल्या मुलखातली किती माणसं नमुन्यात घेतली यावरही चित्र बदलतं. एका देशातली फार घेतली की अक्ष त्यांच्याकडे ओढले जातात.

आपल्याला मात्र इतिहास नको आहे, दुरुस्ती हवी आहे, आणि त्यासाठी हे अक्ष फार उपयोगी पडतात. पुन्हा आपल्या चार माणसांकडे जाऊ. त्यांची उंची अशी आहे: क १७६ सेंटिमीटर, ख १७४, ग १६४, घ १६६. सरासरी १७०. सरासरी वजा करून राहतात ६, ४, −६, −४. आता दुसरी खूण ही दुधाची खूण आहे असं समजा. तिचे सरासरी वजा केलेले आकडे १, ०, ०, −१. उंचीशी गुणून बेरीज केली तर ६ + ० + ० + ४ = १०. सहसंबंध काढला तर सुमारे ०.६९ येतो. चांगलाच दणदणीत.

दुरुस्ती करायची ती अशी. उंचीमधला जेवढा भाग पहिल्या अक्षाने सांगता येतो तेवढा काढून टाकायचा. उंचीचे आकडे अक्षावरच्या जागांनी गुणून बेरीज घेतली तर ६ + ४ + ६ + ४ = २०. चार माणसांनी भागून ५. म्हणजे नुसत्या मुलखामुळे क आणि ख सरासरीपेक्षा ५ सेंटिमीटर उंच असतील आणि ग, घ ५ सेंटिमीटर बुटके असतील असा आपला अंदाज. तो वजा केला की उरतात १, −१, −१, १. आता तेच खुणेच्या बाबतीतही करायचं. १, ०, ०, −१ यांना अक्षाने गुणून बेरीज २, चाराने भागून ०.५. ते वजा केल्यावर उरतात ०.५, −०.५, ०.५, −०.५. उरलेल्या उंचीचा आणि उरलेल्या खुणेचा मेळ पाहा. ०.५ + ०.५ − ०.५ − ०.५ = ०. संबंध संपला.

अर्ध्या-पाव आकड्यांना बिचकू नका. खुणेचे ०.५ म्हणजे जनुकाची अर्धी प्रत नव्हे. त्याचा अर्थ इतकाच की, या मुलखातल्या माणसाकडे साधारण जेवढे ‘टी’ असावेत त्यापेक्षा या माणसाकडे किती जास्त किंवा कमी आहेत. उंचीचंही तसंच. आपला प्रश्नच बदलला आहे. ‘उंच माणसांत टी जास्त आहे का?’ असं न विचारता आपण आता ‘आपल्या मुलखाच्या मानाने उंच असलेल्या माणसांत, मुलखाच्या मानाने टी जास्त आहे का?’ असं विचारतो.

यापूर्वी वापरली जाणारी एक दुरुस्ती फार ढोबळ होती. सगळ्या खुणांच्या काय-वर्गाचे आकडे एकत्र पाहायचे. सरमिसळ नसेल तर त्यांचा मध्यक सुमारे ०.४५ असायला हवा. तो समजा ०.५ आला, तर सगळेच आकडे त्या प्रमाणात फुगले आहेत असं धरायचं आणि सगळ्यांना त्याच आकड्याने भागायचं. पण दुधाची खूण सर्वसाधारण नाही. हजारो वर्षांच्या नैसर्गिक निवडीने युरोपच्या दोन टोकांत तिच्या प्रमाणात जेवढं अंतर पाडलं आहे तेवढं बहुतेक खुणांत नसतं. सरासरी भागाकार तिला फारच सौम्य पडतो, आणि ज्या खुणा मुलखाप्रमाणे बदलतच नाहीत त्यांना उगाच शिक्षा होते. अक्षाने केलेली दुरुस्ती प्रत्येक खुणेला तिच्या तिच्या मापाने लागते. मध्यक पाहायची सवय मात्र आजही टिकून आहे, दुरुस्तीनंतर काही शिल्लक राहिलं का ते तपासायला.

आता पहिल्या खुणेकडे पाहा. तिचे आकडे १, १, −१, −१ आहेत, म्हणजे अक्षाचेच. दुरुस्ती केली की चारही जागी शून्य उरतं. ती खूण खरोखरच उंची वाढवणारी असती तरी आपल्याला ते कळलं नसतं. जी खूण मुलखाशी पूर्ण एकरूप झाली आहे तिच्याबद्दल ही पद्धत काहीच सांगू शकत नाही. हा गणिताचा दोष नाही, त्या चार माणसांत ती माहिती नव्हतीच.

प्रत्यक्षात अक्ष काढताना आणखी काही गोष्टी बिघडतात. डीएनएवर जवळजवळ असलेल्या खुणा बहुधा एकत्रच वारशाने येतात. आठव्या गुणसूत्रावर एक लांबलचक तुकडा काही माणसांत उलटा बसलेला असतो. त्या तुकड्यातल्या शेकडो खुणा एका सुरात बोलतात. त्यामुळे कधी कधी अख्खा एक अक्ष मुलूख न सांगता एवढंच सांगतो की कुणाकडे तुकडा सुलट आहे आणि कुणाकडे उलट. ठिपक्यांच्या चित्रात तीन स्वच्छ पुंजके दिसतात आणि नवशिक्याला वाटतं, तीन लोकसमूह सापडले! ओळखायचं कसं? मघाचे खुणांच्या हातभाराचे आकडे इथे कामी येतात. ते गुणसूत्रांच्या क्रमाने मांडायचे. मुलखाचा अक्ष असेल तर हातभार सगळ्या गुणसूत्रांवर विखुरलेला दिसतो. एकाच जागी टेकाड उभं राहिलं तर तो अक्ष मुलखाचा नव्हे. म्हणून आधीच शेजारच्या खुणांतून एखादीच ठेवून बाकीच्या गाळतात आणि असे अडचणीचे पट्टे वगळतात. दुधाच्या जनुकाभोवतीचा पट्टाही त्यांत येतो.

नमुन्यात जवळचे नातेवाईक असले तर एखादं कुटुंबच एक अक्ष बळकावून बसतं. आणि आजारी माणसांचे नमुने एका प्रयोगशाळेत आणि निरोगी माणसांचे दुसरीकडे तपासले असतील तर अक्ष चक्क प्रयोगशाळा दाखवतो. म्हणून प्रत्येक अक्षासमोर नमुना कधी आणि कुठे तपासला याची नोंद ठेवून पाहायची असते.

आपल्या देशात हे सगळं आणखी गुंतागुंतीचं आहे. २००९ साली हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतले कुमारसामी थंगराज, लालजी सिंग आणि अमेरिकेतले डेव्हिड राइख यांच्या गटाने २५ भारतीय समाजांतल्या १३२ जणांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतले बहुसंख्य समाज एका लांब रेषेवर पसरलेले दिसले. दोन प्राचीन लोकसमूहांची मिसळण वेगवेगळ्या प्रमाणात झाल्याची ती रेषा. ती एका अक्षात छान पकडता येते. पण शतकानुशतकं आपापल्या जातीत लग्नं झाल्यामुळे प्रत्येक समाज थोडाथोडा स्वतंत्रही झाला आहे, आणि असे हजारो समाज दहा-वीस अक्षांत मावत नाहीत. गंमत म्हणजे दुधाचं ते युरोपातलं ‘टी’च भारतातही आहे. वायव्येला जास्त, आणि दक्षिणेकडे व पूर्वेकडे जावं तसं कमी. म्हणजे कुणी एखाद्या आजाराचे रुग्ण पंजाबातून आणि निरोगी माणसं आंध्रातून घेतली, तर त्या आजाराचं कारण म्हणून दुधाची खूण हमखास पुढे येईल.

अक्षांनी दुरुस्ती केली म्हणजे काम झालं, असं २००६ नंतर बराच काळ अनेकांना वाटत होतं. एकेका खुणेपुरतं ते बऱ्याच अंशी खरंही होतं. पण उंचीनेच पुन्हा एकदा कान टोचले. २०१४ सालापर्यंत ७९ अभ्यास एकत्र करून अडीच लाखांवर माणसांच्या उंचीचा हिशेब झाला होता. उंचीवर हजारो खुणांचा थोडाथोडा परिणाम होतो. एखाद्या माणसाकडच्या अशा सगळ्या खुणांचे परिणाम मिळवून एक गुण काढायचा, अशी रीत पडली. युरोपभर हे गुण काढले तेव्हा उत्तरेकडे ते पद्धतशीरपणे जास्त आणि दक्षिणेकडे कमी आले. नैसर्गिक निवडीने उत्तरेकडची माणसं उंच केली, असा त्याचा अर्थ लावला गेला आणि तो अनेक अभ्यासांत मांडला गेला.

मग ब्रिटनमधल्या सुमारे पाच लाख माणसांचा एक मोठा संग्रह उपलब्ध झाला. तिथे सगळ्यांची तपासणी एका पद्धतीने झाली होती आणि अभ्यास ब्रिटिश मुळाच्या माणसांपुरता ठेवता येत होता. २०१९ साली दोन स्वतंत्र गटांनी त्यातून मिळालेले खुणांचे परिणाम वापरून तेच गुण पुन्हा काढले. उत्तर-दक्षिण उताराचा पुरावा बहुतांशी ओसरला. काय झालं होतं? जुन्या हिशेबात प्रत्येक अभ्यासाने आपापली दुरुस्ती केली होती, पण मुलखाचा किंचितसा अंश प्रत्येक खुणेत शिल्लक राहिला होता. इतका किंचित की एका खुणेत तो कुठल्याही कसोटीला दिसला नसता. पण सगळ्या खुणांत तो एकाच दिशेने होता. हजारो खुणांची बेरीज केली तेव्हा खऱ्या परिणामांचे चढउतार एकमेकांना काही अंशी खोडत गेले आणि ही चूक मात्र साचत गेली. मुख्य घटक विश्लेषणातही बारीक फरक बेरजेतूनच दिसू लागतो हे आपण पाहिलं. इथे त्याच बेरजेने चूक मोठी केली.

ही शंका फेडायचा एक उपाय अक्षांच्या पलीकडचा आहे. सख्खी भावंडं घ्यायची. दोघांचे आईवडील तेच, म्हणून मुलूखही तोच. आईच्या दोन प्रतींपैकी कुठली प्रत कुठल्या मुलाला मिळाली ही निव्वळ नाणेफेक असते. मेंडेलच्या वाटाण्यांपासून आपण ती शिकवत आलो आहोत. ज्या भावाला ‘टी’ मिळालं तो दुसऱ्यापेक्षा सरासरीने उंच निघतो का, एवढंच पाहायचं. इथे आजीआजोबा कुठले होते याने काहीच बिघडत नाही. अडचण एकच. लाखो अनोळखी माणसं जमवणं जितकं सोपं तितकं लाखो भावंडांच्या जोड्या जमवणं सोपं नाही, आणि भावंडांमध्ये निम्मे फरक आधीच पुसलेले असल्यामुळे तेवढ्याच खात्रीसाठी माणसं जास्त लागतात. म्हणून हल्ली शोध घ्यायला अनोळखी माणसं आणि अक्ष वापरतात, आणि सापडलेल्या खुणांचे परिणाम भावंडांमध्ये तेवढेच भरतात का ते नंतर तपासतात. उंचीच्या बाबतीत ते बरेचसे भरतात. शिक्षण किती वर्षं झालं, यासारख्या गोष्टींत मात्र भावंडांमधला परिणाम जवळजवळ निम्म्यावर येतो.